शब्दचर्चा: 'थरारक, पण बीभत्स नाही' यात चुकलं काय?

रामबागवाला
मंडळी, आमच्याकडे इंदूरला मराठी मंडळात महिन्यातून एक सिनेमा दाखवतात. या वेळी 'टचिंग द व्हॉइड' (२००३) ठरलाय. १९८५ साली पेरूमधल्या सिउला ग्रांदे शिखरावर दोन इंग्रज पोरांचं जे झालं, त्याची खरी गोष्ट. फळ्यावर मी लिहिलं, 'थरारक सत्यकथा. बीभत्स नाही. सहकुटुंब पाहावा.' संध्याकाळी एका मावशींचा फोन. "बीभत्स नाही हे मुद्दाम लिहावं लागतं? मग आजवर काय दाखवत होता रे?" त्यांच्या लेखी बीभत्स म्हणजे अश्लील. मला म्हणायचं होतं की रक्तमांस उगाच दाखवलेलं नाही. कुठला शब्द टाकू? गुरुवारी फळा पुन्हा लिहायचाय.

जुना_मास्तर
चूक मावशींची नाही, तुमचीही नाही. रसशास्त्रात बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. तुम्ही तो अर्थ धरलात. पण आपल्या घरांतून 'काय बीभत्स कपडे घातलेत' असंच ऐकू येतं. आणि 'थरारक'चंही बघा. थरथर कापणं म्हणजे वेपथु, काटा येणं म्हणजे रोमांच. आठ सात्त्विक भावांत ही दोन वेगवेगळी मोजली आहेत. तुमच्या सिनेमात नक्की कोणता, ते ठरवा.

भिया_छप्पनवाले
'रोमांचक' लिहा की सरळ. इथे सगळे तेच म्हणतात.

जुना_मास्तर
इथे म्हणतात कारण हिंदी पोस्टरवर तेच असतं. मराठीत रोमांच सुखाचाही असतो. गाणं ऐकूनही येतो.

बडोद्याची_सून
माझा नातू नऊ वर्षांचा आहे. बीभत्स नाही म्हणताय तर त्याला दाखवू का? मागे घरी कुणीतरी '१२७ अवर्स' लावला. कपारीत हात अडकलेला तो माणूस शेवटी स्वतःचा हात कापतो. पोरगं रात्रभर झोपलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही.

कड्यावरचा_वानर
ताई, मी सह्याद्रीत बरीच वर्षं दोरावर चढलोय, हा सिनेमा चारदा पाहिलाय. जो सिम्प्सनचा पाय उतरताना मोडतो. नडगीचं हाड गुडघ्याच्या सांध्यात घुसतं. पण हे तुम्ही बघत नाही, ऐकता. खरा जो कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसून शांतपणे सांगतो, बर्फातलं नट करून दाखवतात. तो जिवंत आहे हे पहिल्या मिनिटाला कळतं, तरी घशाला कोरड पडते. का, ते सांगतो.

त्यांच्याकडे दीडदीडशे फुटांचे दोन दोर. ते गाठीने जोडून तीनशे फुटांचा एक केला. सायमन येट्स भुसभुशीत बर्फात खड्डा करून त्यात पाय रोवून बसतो आणि जोला खाली सोडतो. दीडशे फुटांवर गाठ येते. ती त्याच्या हातातल्या धातूच्या पट्टीतून जात नाही. मग जोने चांगल्या पायावर उभं राहून दोरावरचा भार काढायचा, सायमनने दोर पट्टीतून काढून गाठीच्या पलीकडे परत लावायचा आणि पुढचे दीडशे फूट सोडायचे. वादळात, अंधार पडेपर्यंत हे पुन्हा पुन्हा जमलं. मग जो नकळत एका कड्याच्या तोंडावरून खाली लटकला. टेकायला पाय नाही, म्हणजे भार निघणार नाही, म्हणजे गाठ ओलांडता येणार नाही. वाऱ्यात हाक पोचत नाही. दोरावर चढायला त्याच्याकडे बारीक दोरीचे दोन फास होते, बधिर बोटांतून त्यातला एक निसटला. वर सायमनच्या बुडाखालचा बर्फ हळूहळू सरकतोय. तास-दीडतास असा गेला आणि मग त्याला पिशवीतला चाकू आठवला.

मास्तर, हा वेपथु की रोमांच ते तुम्ही सांगा. रक्ताचा थेंब नाही यात.

छत्रीबाग_काकू
म्हणजे त्याने परतीचे दोर कापले! काय धैर्य!

कड्यावरचा_वानर
काकू, नाही हो. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले ते मावळ्यांनी पळू नये म्हणून. इथे त्या दोराला मित्र लटकत होता.

छत्रीबाग_काकू
पण मग फळ्यावर 'दोर कापला' लिहाल तर माझ्यासारख्या सगळ्यांना तानाजीच आठवणार ना?

रामबागवाला
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. 'मित्राने दोर कापला' अशी ओळ होती माझी. 'तोडला' करू?

भिया_छप्पनवाले
'रस्सी काटी'. विषय संपला.

जुना_मास्तर
तोडला तर नातं. दोर कापलाच जातो. आणि दोर, दोरी, दोरखंड असताना 'रस्सी' कशाला?

बडोद्याची_सून
आमच्याकडे दोरडुं. मग तो मेला का?

कड्यावरचा_वानर
कड्याखालच्या हिमभेगेत पडला आणि आतल्या एका बर्फाच्या कठड्यावर अडकला. वर चढता येईना, तेव्हा तो उरलेल्या दोराने आणखी खाली उतरला. मला सगळ्यात जास्त काटा येतो तो इथे. दोराच्या टोकाला गाठसुद्धा मारत नाही. खाली काहीच नसलं तर सुटून जाऊ, एवढाच हिशेब. खाली बर्फाचा तळ लागला आणि उजेडाकडे जाणारा उतार. मग तीन दिवस सरपटत, लंगडत तंबूपर्यंत. सायमन आणि तंबू राखणारा तिसरा गडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणारच होते.

पुणेरी_पाहुणा
'हिमभेग' हा बनावट शब्द. गिर्यारोहक 'क्रिव्हास' म्हणतात. आणि मूळ मुद्दा: किळस आली की वाईट, हे कोणी ठरवलं? हात कापणं तिथे खरंच घडलं होतं. ते दाखवलं नाही तर लपवाछपवी होईल.

कड्यावरचा_वानर
दाखवा की. किती वेळ आणि किती जवळून, एवढाच प्रश्न. 'सोसायटी ऑफ द स्नो' (२०२३) बघा. अँडीजमध्ये विमान पडलं, ४५ जणांतले १६ वाचले, ७२ दिवसांनी. मेलेल्यांचं मांस खावं लागलं. सिनेमा ते लपवत नाही, पण कॅमेरा ताटात घालत नाही. खाणाऱ्यांचे चेहरे दिसतात. माझ्यासाठी 'उगाच'चा अर्थ तेवढाच.

पुणेरी_पाहुणा
मग शब्द 'किळसवाणा' हवा. 'बीभत्स' ग्रंथांत राहू द्या.

जुना_मास्तर
लोक चुकीचं वापरतात म्हणून शब्द सोडायचा? असं करत गेलो तर कोशात उरेल काय?

रामबागवाला
मास्तर, फळा तीन फुटांचा आहे. कोश नाही मावत.

कड्यावरचा_वानर
एक राहिलं. जो गप्प बसून सोसणारा नाही. पाय मोडल्यावर आणि त्या भेगेत तो सणसणीत शिव्या देतो. इंग्रजीत, पण कळतात. बडोद्याच्या ताई, नातवाचं तुम्ही ठरवा.

छत्रीबाग_काकू
म्हणजे त्या मावशींच्या अर्थाने सिनेमा बीभत्सच आहे की!

रामबागवाला
हात टेकले. आत्ता लिहून आलो: 'श्वास रोखायला लावणारी सत्यकथा. किळसवाणं काही नाही. शिव्या आहेत.' दोराची ओळ पुसली.

रामबागवाला
मावशींचा परत फोन. शिव्या चालतील म्हणाल्या, पण फळ्यावर 'शिव्या' हा शब्द बरा दिसत नाही, 'अपशब्द' कर.

भिया_छप्पनवाले
'गालियाँ' लिहा.

जुना_मास्तर
'अपशब्द' म्हणजे मुळात व्याकरणाने चुकलेला शब्द. पतंजली पाहा.