मदत हवी आहे: पैसे घेऊन ऑनलाइन दुकान गायब, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर काय सांगू?

सायली_नाशिक: आईच्या एकसष्टीसाठी रविवारी रात्री इन्स्टाग्रामवरची जाहिरात बघून दोन साड्या मागवल्या. 6,840 रुपये यूपीआयने भरले. काल संध्याकाळपासून वेबसाइट उघडत नाही, इन्स्टाचं पान नाही, व्हॉट्सअॅपवर एकच टिक. बँकेत गेले तर म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात ना?" माझ्याकडे पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि थोडं चॅट आहे. एवढ्यावर तक्रार होते का? आईला अजून सांगितलेलं नाही.

ऊन_पाऊस: घाई करू नका. माझंही पार्सल पंधरा दिवसांनी आलं होतं.

सायली_नाशिक: ताई, ट्रॅकिंग नंबरच दिलेला नाही आणि दुकानच राहिलं नाही.

आदित्य७: तीन दिवसांत कळवलं की बँकेला पूर्ण पैसे द्यावेच लागतात. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

निवृत्त_कॅशियर: आदित्य, तो 2017 चा नियम खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पैसे सायलीने स्वतः पाठवलेत, त्यामुळे त्यावर विसंबू नका. तरी बँकेला लेखी कळवाच आणि तक्रार क्रमांक घ्या.

सायली, आधी 1930. ते यूटीआर, म्हणजे बँकेकडचा व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, विचारतील. तो बारा आकडी असतो. अॅपचा स्वतःचा वेगळा व्यवहार क्रमांकही असतो, बरेच जण घाईत तोच सांगतात. बँकेच्या स्टेटमेंटमधल्या नोंदीशी ताडून बघा. यूटीआरवरून पैसे कोणत्या खात्यात गेले ते कळतं. तिथे शिल्लक असेल तर ती रोखून धरता येते. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवावं लागतं. म्हणून आत्ताच फोन करा.

पैसे घेणाऱ्याचं यूपीआयवर दिसलेलं नाव, ब्राउझरच्या हिस्ट्रीतला वेबसाइटचा पूर्ण पत्ता आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. रागाच्या भरात तो नंबर डिलीट करू नका.

सायली_नाशिक: तिसऱ्यांदा फोन लागला. मी खरंच अॅपचाच क्रमांक वाचत होते, तुमच्यामुळे वेळेत लक्षात आलं. दुकानाचं नाव साड्यांचं, पण पैसे एका माणसाच्या नावावर गेलेत. पावती क्रमांक मिळाला. cybercrime.gov.in वर बाकीची माहिती आणि स्क्रीनशॉट टाकलेत.

मोगरा: माझे 2,300 असेच रोखले गेले, पण परत मिळायला कोर्टाचा आदेश लागेल असं पोलीस म्हणाले. आठ महिने झाले, अजून वाट बघतेय. मधे एकाने 'रिफंड मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणून फोन केला. मी कापला.

सायली_नाशिक: माझे रोखले गेलेत का, हे कुठे कळेल?

निवृत्त_कॅशियर: पावती क्रमांक टाकून पोर्टलवर तक्रारीची स्थिती दिसते. नेमकी किती रक्कम अडली ते तिथे कळलं नाही तर तो क्रमांक घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा.

सायली_नाशिक: उद्या सकाळी जाते. आईलाही आजच सांगते.