मदत हवी आहे : अमोनिया गळतीच्या रात्रीच्या कॉलचे इतिवृत्त साफ करताना नेमके काय जपावे?

टिपण_वही
नमस्कार. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका शीतगृहात कार्यालयीन कामकाज पाहते. गेल्या आठवड्यात रात्री आमच्याकडे अमोनियाची गळती झाली. गळती आटोक्यात आली, परंतु तीन कामगारांच्या डोळ्यांची जळजळ दोन दिवस टिकली. त्या वेळी सात जणांचा कॉन्फरन्स कॉल झाला होता. त्याचे रेकॉर्डिंग आणि माझी घाईत लिहिलेली वही यांवरून स्वच्छ इतिवृत्त तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अडचणी तीन आहेत. रेकॉर्डिंगमध्ये वेळ शून्यापासून मोजलेली आहे, वहीत मी मनगटी घड्याळ पाहून "पावणेअकरा" असे लिहिले आहे, आणि गॅस डिटेक्टरच्या पॅनेलवर अलार्मची वेळ २२:४९ दिसते, म्हणजे आम्ही कॉलवर बोलत असताना अलार्म वाजला असा अर्थ निघतो, जो खरा नाही. दुसरे म्हणजे, एकत्र जमण्याच्या जागेचा निर्णय चार मिनिटांत बदलला. तिसरे म्हणजे, माझ्या पहिल्या मसुद्यात "वॉल्व्ह बंद करण्यात आला" आणि "अग्निशमन दलाला कळविण्याचे ठरले" अशी वाक्ये आहेत. ती वाचायला नीट वाटतात, पण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकल्यावर ती खरी आहेत की नाहीत, याची मला खात्री राहिलेली नाही.

सचिव_विंग_बी
आमच्या गृहनिर्माण संस्थेत इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम केले जाते आणि कोणाची हरकत असल्यास तेथेच दुरुस्ती होते. आपणही मसुदा सर्वांना पाठवून सह्या घ्याव्यात, म्हणजे प्रश्न मिटेल.

टिपण_वही
सह्या घेणारच आहोत, पण सह्या कशावर घ्यायच्या हाच माझा प्रश्न आहे.

मागावरचा_माणूस
ताई, सर्व वेळा एकाच घड्याळावर आणा, हे पहिले काम. दुसरे म्हणजे, रद्द झालेला निर्णय ठेवू नका, अंतिम निर्णय तेवढाच ठेवा. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो आणि विनाकारण कोणावर तरी बोट ठेवले जाते.

निवृत्त_सुरक्षा
वरील सल्ल्याचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा धोक्याचा आहे. मी अनेक वर्षे कारखान्यांत सुरक्षा अधिकारी होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी घड्याळ. रेकॉर्डिंगच्या फाइलवरील वेळ बहुतेक फोनमध्ये रेकॉर्डिंग संपल्याची असते, सुरू झाल्याची नव्हे, आणि फाइल दुसरीकडे कॉपी केल्यास तीही बदलू शकते. त्यामुळे मूळ फोनवरील वेळ घ्या, तीतून रेकॉर्डिंगची लांबी वजा करा आणि आलेली सुरुवात दुसऱ्या एखाद्या पुराव्याशी ताडून पाहा. पॅनेलचे घड्याळ आज फोनशेजारी धरून किती पुढे-मागे आहे ते मोजा. मात्र पॅनेलची मूळ वेळ खोडू नका. मूळ आणि दुरुस्त अशा दोन्ही वेळा लिहा. वहीतील "पावणेअकरा" ही अंदाजे वेळ आहे, तिला सेकंद चिकटवू नका.

टिपण_वही
पाहिले. मूळ फोनवर फाइलची वेळ २३:१९:०० आहे आणि लांबी ३१ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे सुरुवात २२:४७:१०. रेकॉर्डिंगच्या ८ मिनिटे ५० सेकंदांवर देखभाल विभागाचे सहकारी "लावला फोन" असे म्हणतात, म्हणजे २२:५६:००, आणि त्यांच्या मोबाइलच्या नोंदीतही अग्निशमन दलाला केलेला फोन २२:५६ चाच आहे. पॅनेल सहा मिनिटे पुढे निघाले, म्हणजे अलार्म प्रत्यक्षात २२:४३ ला वाजला होता.

निवृत्त_सुरक्षा
मग आपला पाया पक्का झाला. आता अग्निशमन दलाचे वाक्य पाहू. तो विषय प्रथम कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत काढला?

टिपण_वही
२२:४८ ला शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, "कोणीतरी फायर ब्रिगेडला कळवा." त्यावर दोन आवाजांत "हो" ऐकू येते. त्यानंतर थेट २२:५६ चा फोन.

निवृत्त_सुरक्षा
म्हणजे "कळविण्याचे ठरले" हे वाक्य आठ मिनिटे झाकून टाकते. दोघे "हो" म्हणाले, आणि प्रत्येकाला दुसरा फोन करील असे वाटले असावे. पण हा आपला तर्क आहे, तो इतिवृत्तात लिहू नका. एवढेच लिहा : "२२:४८ – शिफ्ट इन्चार्ज यांनी अग्निशमन दलाला कळविण्यास सांगितले. कोणाचेही नाव घेतले नाही. दोन व्यक्तींनी होकार दिला. २२:५६ – देखभाल विभागाने फोन केला." जबाबदारी कोणाला दिली गेली नाही, हीसुद्धा नोंदच आहे. आपली "करण्यात आले", "ठरले" ही कार्यालयीन भाषा कर्त्याला गिळून टाकते, म्हणून या कामापुरती ती बाजूला ठेवावी.

जमण्याच्या जागेचेही तसेच आहे. मूळ शब्द द्याल का?

टिपण_वही
२२:५० ला युटिलिटी ऑपरेटर म्हणाले, "वारा पूर्वेकडे आहे." शिफ्ट इन्चार्जनी लगेच सांगितले, "मग सगळ्यांना पूर्वेच्या गेटवर घ्या." २२:५४ ला सुरक्षारक्षकाने पूर्वेच्या गेटवर वास येत असल्याचे कळवले, तेव्हा पश्चिमेच्या गेटवर जाण्यास सांगितले गेले. डोळ्यांचा त्रास झालेले तिघेही आधी पूर्वेच्या गेटवर गेलेले होते.

निवृत्त_सुरक्षा
"वारा पूर्वेकडे आहे" याचा अर्थ वारा पूर्वेकडे वाहतो असाही होतो आणि पूर्वेकडून येतो असाही ऐकला जातो. ऑपरेटरने पहिला अर्थ सांगितला आणि इन्चार्जनी दुसरा घेतला असे दिसते. आपण दुरुस्त करून "पश्चिमेचा वारा" असे लिहिले असते, तर त्या क्षणी घेतलेला निर्णय वेडेपणाचा वाटला असता. मूळ वाक्य अवतरणात जसेच्या तसे ठेवा आणि २२:५० चा निर्णय "२२:५४ ला बदलला" या शेऱ्यासह राहू द्या. तो काढला, तर ते तिघे तेथे का होते याचे उत्तर कागदावर उरत नाही.

मागावरचा_माणूस
हे पटले, माझा मुद्दा मागे घेतो. पण नावांऐवजी पदे लिहावीत, यावर मी ठाम आहे.

टिपण_वही
वॉल्व्हचे वाक्य सर्वांत अवघड आहे. २२:५१:४० ला प्लांटमधील ऑपरेटर कन्नडमध्ये बोलले. मला ते "बंद माडिदे" असे ऐकू आले, म्हणजे बंद केला. परंतु २२:५८:०५ ला तेच ऑपरेटर मराठीत म्हणतात, "अजून बंद होईना."

सीमेवरची_मावशी
माझे माहेर कर्नाटकातील इंडीचे. घाईत बोलले, तर "बंद माडरी" आणि "बंद माडिदे" यांत गोंधळ सहज होतो. पहिल्याचा अर्थ "बंद करा" असा आहे. मराठीतसुद्धा नुसते "वॉल्व्ह बंद" म्हटले, तर तो आदेश की खबर हे कळत नाही. त्यांनाच विचारा ना, बाई.

टिपण_वही
विचारले. ते सांगतात की त्यांनी "माडरी" असेच म्हटले होते, ते मदतनिसाला सांगत होते.

निवृत्त_सुरक्षा
ते आजचे स्पष्टीकरण आहे, २२:५१ चे वाक्य नव्हे. त्या ओळीत "कन्नड वाक्य, अस्पष्ट, आदेश किंवा खबर" असे लिहा, २२:५८ चे वाक्य त्याच्या वेळेवर ठेवा, आणि खुलासा आजच्या तारखेसह शेवटी वेगळा जोडा. वॉल्व्ह प्रत्यक्ष केव्हा बंद झाला, याचा उल्लेख रेकॉर्डिंगमध्ये आहे का?

टिपण_वही
२३:०९ ला शिफ्ट इन्चार्ज म्हणतात, "आता बसला." त्यापूर्वी काहीच नाही.

आणखी एक. "हो" म्हणणाऱ्या दोघांपैकी एक आवाज देखभालीच्या सहकाऱ्यांचा आहे, दुसरा कोणालाच ओळखता येत नाही. साहेबांचे म्हणणे आहे की "सर्व उपस्थितांनी होकार दिला" असे लिहावे.

मागावरचा_माणूस
तसे लिहिले तर कोणा एकावर येणार नाही. मला त्यात वावगे वाटत नाही.

निवृत्त_सुरक्षा
सात जणांपैकी पाच जण "हो" म्हणालेच नाहीत, त्यांच्या तोंडी होकार कसा घालणार? "एक आवाज, ओळख पटली नाही" एवढेच लिहा, आणि मूळ रेकॉर्डिंग व वही दोन्ही बदल न करता जपून ठेवा.

टिपण_वही
मी तसेच लिहून साहेबांकडे पाठवले आहे. त्यांनी अद्याप सही केलेली नाही.