मदत हवी आहे: पुण्याहून न्यू जर्सीला जाणाऱ्या सामानाची यादी

नमस्कार. पुढच्या महिन्यात आमचं घरसामान जहाजाने न्यू जर्सीला जातंय. शिपिंग कंपनीने माझी पॅकिंग लिस्ट परत पाठवली, कारण सातव्या खोक्यापुढे मी फक्त 'स्वयंपाकघर, किरकोळ' लिहिलं होतं. आता ती ओळ अशी केली आहे: 'खोका ७: स्टीलची ताटं ६, वापरलेली, प्रेशर कुकर १, वापरलेला, ३ वर्षं जुना, आजची किंमत ७०० रुपये'. कुकर नवा घेतला तेव्हा २,४०० ला पडला होता, पण किंमत आजचीच धरायची ना?

खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेच्या कस्टम्सच्या फॉर्म ३२९९ मध्ये घरसामान ड्यूटीशिवाय न्यायचं, तर ते आपण परदेशात किमान एक वर्ष वापरलेलं असावं लागतं. आईने गेल्याच महिन्यात दिलेली तांब्याची भांडी त्यात बसत नाहीत. ती मला 'वापरलेली' म्हणून दाखवायची नाहीत. मग बिलासकट वेगळ्या खोक्यात भरून यादीत 'नवीन' लिहिलं तर चालतं का?

शिवाय पुस्तकांचे चार खोके मीच भरलेत. यादीत त्यांच्यापुढे 'मालकाने भरलेले' असा शेरा येणार आहे. असे खोके तपासणीत हमखास उघडतात का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.