मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या मुलीची वरचढ भाषा कशी ठरवावी?

मुलगी जन्मापासून माझ्याशी मराठी आणि बाबाशी इंग्रजी बोलते. माणूस बघून भाषा बदलते, म्हणजे दोन्ही भाषांच्या व्यवस्था तिच्या डोक्यात वेगळ्या आहेत असं मला वाटतं. पण इंग्रजीत ती ‘आय बॉल वॉन्ट’ म्हणते, क्रियापद शेवटी. फक्त इंग्रजी ऐकणारी मुलं सहसा असं म्हणत नाहीत. तिच्या मराठीत मात्र इंग्रजीचा असा ठसा दिसत नाही.

हा प्रभाव मराठी वरचढ असल्यामुळे का, हे तपासायचंय. वाक्यांची सरासरी लांबी शब्दांत मोजली, तर ‘घरात’ एक शब्द आणि ‘इन द हाऊस’ तीन. मराठी उगाच मागे दिसते. मग प्रत्यय मोजावेत, की दोन्हीकडची वेगवेगळी क्रियापदं? कोणी मुलांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करून असं तपासलंय का?