शब्दचर्चा: ‘राज्यातील फरक’ की ‘राज्यांतील फरक’?

सायली_अनुवाद

अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकासाठी मी एका लेखाचा अनुवाद करीत आहे. लेखातले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९८२ ते १९८८ या सात वर्षांत तिथल्या ४८ राज्यांमध्ये बिअरच्या एका खोक्यावर किती कर होता आणि दर दहा हजार लोकांमागे किती जण रस्त्यावरील अपघातांत मरण पावले, याची ती आकडेवारी आहे. सगळी राज्ये आणि सगळी वर्षे एकत्र घेऊन समाश्रयण केले, तर कराचा सहगुणक ०.३६ येतो, म्हणजे कर जास्त तिथे मृत्यूही जास्त असे दिसते. प्रत्येक राज्याचा फिक्स्ड इफेक्ट घातला की तोच सहगुणक उणे ०.६६ होतो. हा दुसरा आकडा ‘विदिन-स्टेट व्हेरिएशन’मधून येतो, असे लेखात म्हटले आहे.

मी ‘राज्यातील फरक’ असे लिहिले होते. राज्ये ४८ असल्याने अनेकवचन हवे, असे समजून मुद्रितशोधकांनी त्यावर अनुस्वार दिला, आणि ‘राज्यांतील फरक’ म्हणजे नेमका विरुद्ध अर्थ छापला जाण्याची वेळ आली. ‘राज्यांतर्गत’ असे सुचवल्यावर संपादक म्हणाले की त्यावरून राज्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांमधला फरक वाटतो. नेमका शब्द कोणता योजावा?

शब्दनिष्ठ

या गोंधळाचे मूळ ‘अंतर्’ आणि ‘आंतर’ या दोन रूपांत आहे. ‘अंतर्गत’ म्हणजे आत असलेले आणि ‘आंतरराज्य’ म्हणजे राज्याराज्यांच्या दरम्यानचे. हा भेद मराठीने जपलेला असल्याने त्याचा उपयोग करून घ्यावा आणि ‘अंतःराज्यीय विचरण’ व ‘आंतरराज्यीय विचरण’ अशी जोडी वापरावी, असे मला वाटते. ‘व्हेरिएशन’ला काही जण ‘चलन’ म्हणतात, पण अर्थशास्त्राच्या लेखात त्याचा अर्थ नाणी-नोटा असाच घेतला जाईल. ‘फिक्स्ड इफेक्ट’ तसाच ठेवण्याचेही मला कारण दिसत नाही. कराचा परिणाम सर्व राज्यांत एकच धरलेला असतो, म्हणून त्याला ‘स्थिर परिणाम’ म्हणावे.

जुना_प्राध्यापक

शब्दनिष्ठ, आपण म्हणता तसा कराचा सहगुणक सर्व राज्यांसाठी एकच धरलेला असतो हे खरे आहे, पण ‘फिक्स्ड’ हे विशेषण त्याला लागत नाही. प्रत्येक राज्याची म्हणून जी एक कायमची पातळी असते, म्हणजे रस्त्यांची घडण, वस्तीची विरळता, मद्यपानाबद्दलची धार्मिक-सामाजिक वृत्ती असे जे जे सात वर्षांत बदललेले नाही त्या सगळ्याची मिळून होणारी पातळी, तिला ते नाव आहे. ‘स्थिर परिणाम’ हे शब्द वाचणाऱ्याच्या मनात कराचाच परिणाम येईल, आणि आपल्याही मनात तोच आला.

संपादकांची हरकत मला योग्य वाटते. इथे राज्याच्या पोटातले जिल्हे कुठेच नाहीत. एकाच राज्याचा एका वर्षीचा कर त्याच राज्याच्या सात वर्षांच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली होता, एवढेच गणितात उरते. अलाबामा घेऊ. १९८८च्या किमतींनुसार तिथला कर १९८२मध्ये १.५४ डॉलर, १९८३मध्ये १.७९ डॉलर आणि १९८७मध्ये १.५६ डॉलर होता, तर सात वर्षांची सरासरी सुमारे १.६२ येते. अलाबामाचा कर बहुतेक राज्यांच्या कितीतरी पट आहे, ही माहिती इथे पूर्णपणे बाजूला पडते. उरते ते १९८३मध्ये सरासरीच्या १७ सेंट वर आणि १९८७मध्ये ६ सेंट खाली, एवढेच. त्याच काळात तिथला मृत्युदर २.३५वरून २.७२वर गेला, आणि उणे चिन्ह अशा हालचालींमधून येते. म्हणून सायलीताई, एका शब्दाचा आग्रह सोडून ‘त्याच राज्याच्या करात वर्षागणिक झालेला बदल’ असे सरळ लिहावे.

तालुक्याची_आकडेवारी

माझाही प्रश्न याच प्रकारचा आहे. मी तालुकानिहाय बालमृत्यूंवर काम करीत आहे आणि माझ्या समाश्रयणात तालुक्याची समुद्रसपाटीपासूनची उंची हे एक चल आहे. तालुक्यांचे फिक्स्ड इफेक्ट घातले की संगणक उंचीचा सहगुणकच दाखवत नाही. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की उंचीचा परिणाम नाही हे त्यावरून सिद्ध झाले. मराठीत ते ‘उंची निष्प्रभ ठरली’ असे लिहावे का?

जुना_प्राध्यापक

तसे लिहू नये. उंची दरवर्षी तीच असते, त्यामुळे सरासरी वजा केल्यावर प्रत्येक तालुक्यासाठी सर्व वर्षी शून्य उरते, आणि शून्यांच्या स्तंभावरून कोणताही परिणाम मोजता येत नाही. ‘या पद्धतीने उंचीबद्दल काहीच सांगता येत नाही’ एवढेच विधान करता येईल. उंचीचा परिणाम मोठा असू शकतो. तो तालुक्याच्या कायमच्या पातळीत मिसळून गेलेला आहे.

ओहायोकर

मी अमेरिकेत राहतो आणि या आकडेवारीवर विद्यार्थ्यांकडून गणिते करून घेतो. प्राध्यापक महोदयांनी अलाबामाचे आकडे दिले आहेत, म्हणून त्यातली एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. १९८३नंतर १९८८पर्यंत अलाबामाचा कर दरवर्षी थोडाथोडा उतरतो. त्या सहाही वर्षांच्या आकड्यांना त्या त्या वर्षीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने गुणून पाहिले, तर गुणाकार जवळजवळ एकच येतो. म्हणजे विधिमंडळाने त्या काळात कराला हातही लावलेला नाही. बिअरवरचा हा कर किमतीच्या टक्केवारीत नसून मापावर ठरावीक सेंट असा असतो, आणि महागाई वाढली की त्याचे खरे मूल्य आपोआप झिजते.

तेव्हा ‘करात झालेला बदल’ असे लिहिले की वाचकाला कायदा झाला, कर वाढला किंवा घटला असे वाटेल. प्रत्यक्षात राज्याच्या स्वतःच्या सरासरीभोवतीच्या हालचालीत महागाईने झालेल्या झिजेचा मोठा वाटा आहे. आवश्यक ते शब्द शोधताना हेही लक्षात घ्यावे लागेल.

शब्दनिष्ठ

‘झीज’ हा शब्द मला मनापासून आवडला. परंतु वर्षांचेही फिक्स्ड इफेक्ट घातले तर महागाई सगळ्या राज्यांना सारखीच असल्याने ती निघून जाईल, अशी माझी समजूत आहे. मग हा आक्षेप उरतो का?

ओहायोकर

महागाई टक्केवारीत सारखी आहे, डॉलरमध्ये नाही. १९८३ ते १९८७ या काळात अलाबामाच्या १.७९ डॉलरमधून सुमारे २३ सेंट झिजले. ज्या राज्याचा कर २० सेंट होता त्याचे त्याच काळात अडीच सेंटच झिजतील. वर्षाचा फिक्स्ड इफेक्ट सर्व राज्यांतून एकच रक्कम वजा करतो, त्यामुळे हा फरक मागे राहतो. याचा अर्थ असा की मुळात ज्या राज्यांत कर जास्त होता तिथे मृत्युदर इतरांच्या तुलनेत वाढत गेला की कमी होत गेला, हे त्या सहगुणकात शिरलेले असते, मग त्याचे कारण कर असो वा दुसरे काही. आणि दुसरी कारणे त्या काळात होती. १९८४च्या संघीय कायद्यानंतर मद्यपानाचे किमान वय अनेक राज्यांनी वेगवेगळ्या वर्षी २१ केले. असा बदल राज्याच्या कायमच्या पातळीत बसत नाही आणि सर्वांना समान असलेल्या वर्षातही बसत नाही.

मी विद्यार्थ्यांना कराचा लॉगॅरिदम घ्यायला सांगतो. मग झीज खरोखर सर्वांना सारखी होते, वर्षाचे फिक्स्ड इफेक्ट ती शोषून घेतात, आणि कायद्याने झालेले बदल तेवढे उरतात. या आकडेवारीत शून्य कर असलेले राज्य नसल्याने तसे करता येते.

जुना_प्राध्यापक

लॉगॅरिदमचा मार्ग मान्य आहे, परंतु त्याने प्रश्न थोडा बदलतो. दोन सेंटचे चार सेंट होणे आणि एक डॉलरचे दोन डॉलर होणे तिथे सारखेच ठरते, आणि गाडी चालवण्यापूर्वी पिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते सारखे नाही. कोणते रूप योग्य, यावर माझे मत अजून पक्के नाही.

सायलीताई, आपल्या लेखात ‘कर एक डॉलरने वाढवल्यास दर दहा हजारांमागे ०.६६ मृत्यू कमी होतात’ असे वाक्य असेल, तर तिथे थांबून पुढील गणित करून पाहावे.

```r
library(AER); library(plm)
data("Fatalities")
p <- pdata.frame(Fatalities, index = c("state", "year"))
sd(p$beertax)
sd(Within(p$beertax))
```

पहिले प्रमाण विचलन सुमारे ४८ सेंट आहे आणि दुसरे ५ ते ६ सेंट. करातली जवळजवळ सगळी तफावत राज्याराज्यांच्या दरम्यान आहे आणि फिक्स्ड इफेक्ट घालताच ती वापरातून बाहेर जाते. एकाच राज्याचा कर या सात वर्षांत स्वतःच्या सरासरीपासून एका डॉलरच्या आसपासही सहसा हलत नसेल, तर त्या आकड्यांवरून एका डॉलरचा परिणाम सांगणे म्हणजे आकडेवारीच्या फार बाहेर जाणे आहे. ‘करात साडेपाच सेंटचा फरक पडल्यास सुमारे ०.०३६’ असे लिहिले तर ते प्रत्यक्ष हालचालीच्या मापातले विधान होईल. देशातला सरासरी दर दोनच्या थोडा वर आहे, त्या मानाने हे दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

तालुक्याची_आकडेवारी

माझ्या तक्त्यात आर-वर्ग ०.९० आला आहे आणि मी ‘प्रतिमान ९० टक्के तफावतीचे स्पष्टीकरण देते’ असे लिहिले आहे. तेही तपासावे लागेल का?

ओहायोकर

अवश्य तपासावे. बिअरच्या उदाहरणातही तेच होते. राज्यांची ४८ चले थेट घातली तर आर-वर्ग ०.९०च्या वर येतो, आणि सरासरी वजा करून काढला तर ०.०४. पहिल्या आकड्याचे श्रेय बहुतांशी राज्यांच्या कायमच्या पातळ्यांना आहे, कराला नाही. आपला आकडा कोणत्या प्रकारचा आहे हे तक्त्याखाली लिहावे, आणि प्रमाण त्रुटी तालुक्यानुसार गट करून काढल्या आहेत का हेही लिहावे, कारण एकाच तालुक्याची लागोपाठची वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

सायली_अनुवाद

सर्वांचे आभार. ‘एकाच राज्याच्या करात त्याच्या स्वतःच्या सरासरीभोवती झालेली हालचाल’ असे पहिल्यांदा लिहून पुढे केवळ ‘स्वतःच्या सरासरीभोवतीची हालचाल’ म्हणावे, असे ठरवते आहे. एका डॉलरचे वाक्य लेखात आहेच. ते अनुवादक म्हणून मला बदलता येणार नाही, म्हणून संपादकांना टीप देण्याची विनंती करते.

शब्दनिष्ठ

‘स्वतःच्या सरासरीभोवतीची हालचाल’ हा शब्द नसून व्याख्या आहे, आणि प्रत्येक परिच्छेदात व्याख्या लिहून लेख वाचनीय राहणार नाही. ‘स्वविचलन’ असा एकच शब्द घडवावा आणि पहिल्या वापरात समजावून द्यावा, असे माझे मत कायम आहे.

जुना_प्राध्यापक

‘स्वविचलन’ मला चालेल, परंतु तक्त्याच्या मथळ्यात ‘फिक्स्ड इफेक्ट्स’ देवनागरीतच राहू द्यावे, कारण विद्यार्थी तोच शब्द संगणकावर शोधणार आहेत. आणि सायलीताई, टीप देताना एक गोष्ट अवश्य घालावी: या राज्यांतली बरीच हालचाल कर खाली येण्याची आहे. कर वाढवल्यावर परिणाम तितकाच आणि उलट दिशेने होईल, हे त्या सहगुणकाने गृहीत धरले आहे, तपासलेले नाही.