मदत हवी आहे: किर्गिझस्तानची एमबीबीएस आणि एफएमजीई

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहतो. धाकटी बहीण २०२२ मध्ये नीट पास होऊन किर्गिझस्तानला एमबीबीएसला गेली. आता तिला इथली एफएमजीई, म्हणजे परदेशातून एमबीबीएस केलेल्यांना भारतात द्यावी लागणारी परीक्षा, द्यायची आहे. ३०० पैकी १५० गुण लागतात, त्याचा अभ्यास चालू आहे.

खरी धास्ती कागदांची आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचं शिक्षण इंग्रजीतून आणि तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. तिच्या गुणपत्रिकेवर वर्षं आहेत, पण महिने आणि माध्यम कुठेच लिहिलेलं नाही. विद्यापीठाकडून वेगळा दाखला घ्यायचा का? पदवीवर तिथल्या सरकारचं साक्षांकन म्हणजे अपोस्टील पुरतं की भारतीय दूतावासाचा शिक्काही लागतो? ज्यांनी अलीकडे अर्ज भरलाय त्यांनी कृपया सांगा, ती तिथे आहे तोवरच हे करून घेता येईल.