मदत हवी आहे: दुसरा ब्लोअर सुरू झाला की आवाज मध्येच कमी कसा होतो?

गिरगावकरीण
आमच्या बेडरूमच्या खिडकीसमोर खालच्या हॉटेलचे दोन एक्झॉस्ट ब्लोअर आहेत. दोन्ही एकत्र चालले की रात्रभर वूंऽऽव, वूंऽऽव असं आवर्तन चालू असतं. दहा सेकंदांत साधारण पंधरा वेळा. एकेकटा चालतो तेव्हा नुसती सपाट घरघर.

मॅनेजर भला माणूस आहे, त्याने एकेक बंद करून दाखवला. खिडकीत फोन धरून मोजलं. मोठा एकटा 60 डेसिबल, धाकटा एकटा 54. दोन्ही मिळून आकडा 63 ते 55 असा वर-खाली नाचतो. वर जाणं समजू शकते, पण 55 म्हणजे एकट्या मोठ्यापेक्षाही कमी! दुसऱ्या आवाजाची भर घातल्यावर पहिला कमी कसा होतो? अ‍ॅप बिघडलंय का?

सुपारीचंखांड
रात्री दहानंतर निवासी भागाची मर्यादा 45 आहे. सरळ तक्रार ठोका. आमच्याकडे मंडळाच्या स्पीकरवरून हेच झालं होतं.

गिरगावकरीण
तक्रारीचं नंतर बघू हो. आधी हे काय चाललंय ते कळू दे.

अभ्या
डेसिबल सरळ मिळवायचे नसतात, तीव्रता मिळवायची असते. 54 ची तीव्रता 60 च्या साधारण पाव. म्हणजे एकूण सव्वापट, लॉग घेतला की 61. तुमचं अ‍ॅप गंडलंय.

मापाडी
अभ्या, 61 बरोबर आहे, पण ती सरासरी झाली. दोन आवाजांचा एकमेकांशी काही संबंध नसतो तेव्हा तेवढ्यावर भागतं, म्हणजे रस्त्यावरची रहदारी आणि पाऊस यांची बेरीज अशी करा. इथे दोन्ही ब्लोअर जवळजवळ एकाच सुरात आहेत. अशा वेळी आधी हवेचा दाब मिळवायचा, तीव्रता नंतर.

6 डेसिबलचा फरक म्हणजे दाबात दुप्पट. मोठ्याचा दाब 2 धरा, धाकट्याचा 1. दोन्ही एका तालात आले की 3, उलट आले की 1. आता 2 म्हणजे 60 डेसिबल, तर 3 म्हणजे साडेत्रेसष्ट आणि 1 म्हणजे 54. ताईंच्या 63 आणि 55 ला हे किती जवळ आहे बघा. दरी थोडी भरलेली दिसते, कारण रस्त्याचा आवाज आहेच आणि मीटरही क्षणात खाली येत नाही. अ‍ॅपमध्ये ‘स्लो’ निवडलंत तर हा नाच बराचसा दिसेनासा होईल, ‘फास्ट’वरच ठेवा.

सुरमयी
तंबोरा लावताना जोडाच्या तारांत हेच ऐकू येतं! सूर जवळ आला की लाट संथ होत जाते, जुळला की थांबते. मग या दोघांचाही सूर जुळवून टाका की.

अभ्या
पण दोन साइन मिळवल्या की सूत्रात फरकाचा निम्मा येतो. म्हणजे सेकंदाला दीड आवर्तनं असतील, तर खरा फरक 3 हर्ट्झ असणार.

मापाडी
सूत्रात निम्मा येतो हे खरं, पण तो भाग एका फेरीत एकदा धन आणि एकदा ऋण टोक गाठतो. कानाला दोन्ही टोकांना आवाज मोठाच लागतो. म्हणून फरक दीडच हर्ट्झ.

ताई, पंख्याला पाती किती आहेत? समजा दहा. मोटर मिनिटाला 1440 फेरे फिरत असेल तर सेकंदाला 24, आणि पात्यांचा सूर 240 हर्ट्झ. दुसरी 1449 वर असेल तर 241.5. इतकाच फरक. दोन्हींच्या पाटीवर 1440 छापलेलं असलं तरी तो आकडा पूर्ण भाराचा असतो. एकीवर भार थोडा हलका असला की ती जरा वेगाने फिरते.

सुरमयी, म्हणूनच सूर जुळवणं अवघड आहे. अशा मोटरी एकाच वायरवर असल्या तरी एका वेगाला बांधलेल्या नसतात. आज जुळवल्या तरी डक्टमध्ये तेल साचलं की भार बदलतो आणि लाट परत येते.

गिरगावकरीण
पाती मॅनेजरने मोजली, दहाच आहेत. मग करायचं काय? तो म्हणतो, गर्दी ओसरल्यावर एक बंद ठेवता येईल.

मापाडी
धाकटा बंद केलात तर वूंऽऽव थांबेल, पण सरासरी 61 वरून 60 वर येईल, एवढंच. मोठा बंद केलात तर 54, आणि लाटही नाही. त्याला धाकट्यावर चालवायला सांगा. तरी 45 चा प्रश्न उरतोच, सुपारीचंखांड तिथे चुकले नाहीत. फक्त फोनचा आकडा पुरावा म्हणून चालणार नाही.

गिरगावकरीण
धाकट्यावर भटारखान्यातला धूर निघत नाही म्हणे. बघते बोलून. अजून एक: पलंगाच्या कोपऱ्यात ही लाट खिडकीपेक्षा जोरात लागते, तिथे मोठा एकटा तितका मोठा वाटत नाही. असं का?

मापाडी
भिंतींवरून परतलेल्या आवाजामुळे तिथे दोघांची पातळी जवळ आली असेल. दोन्ही सारखे झाले की दरी सर्वात खोल. पण खात्रीने सांगायचं तर त्या कोपऱ्यात एकेकाचं माप घ्यावं लागेल. घेतलंत की आकडे टाका इथे.